एक फ्रेम किती मिलिसेकंदांची? फ्रेम रेटवरून वेळ काढायची रीत, आणि ती कुठे फसते

काही वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स माझ्याकडे आली होती. एडिटरने टाइमकोडची यादी दिली, मी त्यावरून मिलिसेकंदांतली `.srt` फाइल बनवली आणि पहिली दहा मिनिटं लावून पाहिली. सगळं जागच्या जागी वाटलं. महोत्सवाच्या खेळात मात्र मध्यंतरानंतर प्रेक्षक विनोदावर पात्र बोलण्याआधीच हसायला लागले, आणि शेवटचा संवाद तर पडद्यावर जवळजवळ सात सेकंद आधी उमटला. टायपिंगची चूक एकही नव्हती. चूक होती एका फ्रेमच्या काळात, आणि तीही मिलिसेकंदाच्या चोविसाव्या भागाएवढी. हा लेख त्या चोविसाव्या भागाबद्दल आहे.

## मूळ भागाकार

एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात. एका सेकंदात जितक्या फ्रेम, तितक्यांनी हजाराला भागलं की एका फ्रेमचा काळ मिळतो.

```
frame_ms = 1000 / fps
```

चित्रपटाचा नेहमीचा फ्रेम रेट २४. म्हणजे १००० ÷ २४ = ४१.६६६६… मिलिसेकंद. हा आकडा कधीच संपत नाही, आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. म्हणून दशांशाऐवजी अपूर्णांक लक्षात ठेवावा: १२५/३. म्हणजे तीन फ्रेम बरोबर १२५ मिलिसेकंद. सहा फ्रेम २५०, बारा फ्रेम ५००, अठरा फ्रेम ७५०. एवढं पाठ असलं की बाकीचे आकडे तोंडी निघतात. तेरा फ्रेम म्हणजे बारा आणि वर एक, ५०० + ४१.६७ = ५४१.६७. वीस फ्रेम म्हणजे अठरा आणि वर दोन, ७५० + ८३.३३ = ८३३.३३.

बाकीचे नेहमी भेटणारे फ्रेम रेट असे:

| फ्रेम रेट | एका फ्रेमचा काळ (मिलिसेकंद) | अचूक अपूर्णांक |
|---|---|---|
| २३.९७६ | ४१.७०८३ | १००१/२४ |
| २४ | ४१.६६६७ | १०००/२४ |
| २५ | ४० | १०००/२५ |
| २९.९७ | ३३.३६६७ | १००१/३० |
| ३० | ३३.३३३३ | १०००/३० |
| ५० | २० | १०००/५० |
| ५९.९४ | १६.६८३३ | १००१/६० |
| ६० | १६.६६६७ | १०००/६० |

पहिल्या दोन ओळींत फरक आहे ०.०४१७ मिलिसेकंदांचा, म्हणजेच १/२४. एका फ्रेमला तो काहीच नाही. पण दोन तासांच्या चित्रपटात पावणेदोन लाख फ्रेम असतात.

एक फ्रेम म्हणजे प्रत्यक्षात किती, याचा अंदाज यावा म्हणून एक गोष्ट सांगते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४१.६७ मिलिसेकंदांत तो जेमतेम १४ मीटर कापतो. म्हणजे मोठ्या थिएटरात पडद्यामागच्या स्पीकरपासून चौदा मीटरवर बसलेल्या माणसाला प्रत्येक संवाद एक फ्रेम उशिराच ऐकू येतो, आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. उलट आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम *आधी* आला, तर तो लवकर खटकतो. विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर, ही सवय आपल्याला जन्मापासूनची आहे.

पेटीतल्या रिळावर हा काळ कुठेच लिहिलेला नसे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालत असे. सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ६२.५ मिलिसेकंदांची. असं चित्रण पुढे २४च्या प्रोजेक्टरवर लावलं की ६२.५ मिलिसेकंदांची हालचाल ४१.६७मध्ये उरकते, म्हणजे सगळं दीडपट वेगाने. मूकपटांतली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात ती बहुतेकदा याच भागाकारामुळे. आवाज आल्यावर ही मोकळीक संपली, कारण रिळाचा वेग बदलला की गाणाऱ्याचा सूरही बदलतो. म्हणून बोलपटाबरोबर २४ हा आकडा पक्का झाला.

## पहिली पायरी: फ्रेम रेट विचारू नका, मोजा

“फिल्म चोवीसची आहे” असं कुणी सांगितलं की मी मान डोलावते आणि फाइल तपासते. बोलताना २४ आणि २३.९७६ या दोन्हींना सगळे ‘चोवीस’च म्हणतात. काही सॉफ्टवेअर त्यातल्या दुसऱ्याला ‘२३.९८’ म्हणून दाखवतात, आणि तो आकडा हिशोबात घातला तर वेगळाच घोळ होतो. त्याकडे पुढे येते.

फाइलमध्ये खरं काय लिहिलं आहे ते `ffprobe` ही टर्मिनलमध्ये चालवायची कमांड सांगते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 film.mov
```

उत्तर अपूर्णांकात येतं, आणि ते तसंच हवं असतं:

```
r_frame_rate=24000/1001
avg_frame_rate=24000/1001
```

`24/1` आलं तर खरा चोवीस. `24000/1001` आलं तर ज्याला आपण २३.९७६ म्हणतो तो. `25/1` आलं तर पंचवीस. दोन ओळींतले आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर थांबा, त्या फाइलबद्दल शेवटी लिहिलं आहे.

हा १००१ आला कुठून? अमेरिकेत कृष्णधवल टीव्ही सेकंदाला ३० फ्रेमने चालत असे. १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचा नियम ठरला, तेव्हा रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर नक्षी उमटण्याची भीती होती. जुने टीव्ही संच चालू राहायला हवे होते, म्हणून आवाजाच्या लहरीला हात न लावता चित्राचाच वेग हजार भागिले एक हजार एक इतका कमी केला. तीसचे झाले ३०००० ÷ १००१, म्हणजे २९.९७. चित्रपट त्या टीव्हीवर दाखवायचा तर चोवीसलाही तेवढाच ब्रेक लावावा लागला, २४००० ÷ १००१. ते संच केव्हाच भंगारात गेले, पण कॅमेऱ्यांच्या मेनूत, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या मागणीपत्रकांत १००१ अजून ठाण मांडून बसला आहे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्ही २५ फ्रेमचा आणि एक फ्रेम बरोबर ४० मिलिसेकंदांची. इतका सोयीचा आकडा दुसरा नाही. पण चित्रपट २४चा असतो. २५च्या प्रक्षेपणात तो बसवण्याची जुनी रीत म्हणजे तेवढ्याच फ्रेम जरा भरभर चालवायच्या. प्रत्येक फ्रेम ४१.६७ऐवजी ४० मिलिसेकंद टिकते, अडीच तासांचा चित्रपट २ तास २४ मिनिटांत संपतो, आणि आवाज दुरुस्त केला नाही तर गाणं जवळजवळ पाऊण सेमीटोनने चढतं.

कॅमेरा विभागातल्या लोकांना हाच हिशोब वेगळ्या कारणासाठी लागतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एकदा. २४ फ्रेमला १८० अंशांचा शटर ठेवला तर तो फ्रेमच्या निम्मा काळ, २०.८३ मिलिसेकंद उघडा राहतो. यात दिव्याचे दोन फेरे पूर्ण होऊन वर थोडं उरतं. ते उरलेलं दर फ्रेमला वेगळं पडतं, आणि ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते. म्हणून आपल्याकडे शटर १७२.८ अंशांवर ठेवतात: ४१.६६६७ × १७२.८ ÷ ३६० = २० मिलिसेकंद. दोन फेरे, नेमके.

## दुसरी पायरी: टाइमकोडमधून मिलिसेकंद

आता माझीच यादी घेऊ. त्यातल्या एका संवादाची सुरुवात होती `00:41:17:13`. डावीकडून तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटचे दोन आकडे *फ्रेमचे*. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. `17:13` म्हणजे १७.१३ सेकंद नव्हेत. सतरा सेकंद आणि वर तेरा फ्रेम. तेराला शंभरांश मानून १३० मिलिसेकंद लिहिले, तर सबटायटल ४१२ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे दहा फ्रेम आधी येतं. यादीत शेवटचा आकडा २३च्या वर कधीच जात नाही हे दिसलं, की ते शंभरांश नाहीत हे आपोआप कळतं.

थेट मिलिसेकंद काढण्याचा मोह टाळा. आधी आरंभापासून ही कितवी फ्रेम आहे ते काढा:

```
seconds = 0*3600 + 41*60 + 17 = 2477
frame   = 2477*24 + 13        = 59461
```

फाइल खऱ्या २४ची असेल तर:

```
59461 * 1000 / 24 = 2477541.67 ms  ->  00:41:17,541
```

आणि फाइल २३.९७६ची असेल तर:

```
59461 * 1001 / 24 = 2480019.21 ms  ->  00:41:20,019
```

टाइमकोड एकच, फ्रेमही तीच, ५९४६१वी. पण घड्याळात अडीच सेकंदांचं अंतर. कारण २३.९७६च्या टाइमकोडमध्येही एका ‘सेकंदा’त २४च फ्रेम मोजतात. तो सेकंद घड्याळाच्या सेकंदापेक्षा एक सहस्रांश लांब असतो, इतकंच. टाइमकोड हा फ्रेम मोजण्याचा पत्ता आहे, वेळ नाही. माझी चूक हीच होती. यादी २४च्या टाइमलाइनवरून आली होती, मी ती २४नेच भागली, आणि महोत्सवाला गेलेली फाइल निर्यात झाली २३.९७६ने.

शेवटच्या संवादाचा टाइमकोड होता `01:52:08:06`. फ्रेम क्रमांक १,६१,४७८. २४ने भागलं की १ तास ५२ मिनिटं ८.२५० सेकंद. पडद्यावर ती फ्रेम आली १ तास ५२ मिनिटं १४.९७८ सेकंदांना. मधले ६.७३ सेकंद प्रेक्षक उत्तर वाचून बसले होते आणि पात्राने प्रश्नही विचारला नव्हता.

शेकडो ओळी असतील तर स्प्रेडशीटमध्ये तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम असे चार रकाने करा, A ते D. पाचव्यात हे सूत्र घाला:

```
=INT(((A2*3600+B2*60+C2)*24+D2)*1001/24)
```

खऱ्या २४साठी `1001`च्या जागी `1000`. २५साठी दोन्ही `24` बदलून `25` करा आणि वर `1000` ठेवा. मिलिसेकंदांचा `.srt`ला हवा तसा मजकूर बनवायला:

```
=SUBSTITUTE(TEXT(E2/86400000,"hh:mm:ss.000"),".",",")
```

यात एक खाचखळगा आहे. बरेच एडिटर टाइमलाइन शून्यावरून नाही, `01:00:00:00`पासून सुरू करतात. मग पहिल्या फ्रेमलाच एक तास झालेला असतो. हा तास वजा करायचा, पण *फ्रेममध्ये* वजा करायचा: ३६०० × २४ = ८६,४०० फ्रेम. आधी मिलिसेकंद काढून त्यातून सरळ ३६,००,००० वजा केले, तर २३.९७६च्या फाइलमध्ये सगळी सबटायटल्स ३.६ सेकंद उशिरा येतात. कारण त्या फाइलमध्ये ८६,४०० फ्रेमना ३६०३.६ सेकंद लागतात. ही चूक शोधणं कठीण जातं, कारण ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारखीच राहते. मग माणूस “आवाजच सरकलाय” म्हणत साउंडवाल्याशी भांडतो.

## तिसरी पायरी: गोल करायचं, पण अगदी शेवटी

वरच्या सूत्रात मी आधी गुणते आणि मग भागते. फ्रेम रेटवरून एका फ्रेमचा काळ काढून ठेवायचा आणि त्याने प्रत्येक क्रमांकाला गुणायचं, ही रीत दिसायला सोपी वाटते, पण गोल केलेल्या आकड्याची चूक दर फ्रेमला साचत जाते. दोन तासांच्या २४च्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेम. तेवढ्या फ्रेमअखेर साचणारी चूक अशी:

४२ धरले तर ५७.६ सेकंद. हे लगेच लक्षात येतं, त्यामुळे फारसं धोक्याचं नाही. ४१.६७ धरले तर अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, ५७६ मिलिसेकंद. हे सर्वांत वाईट, कारण पहिल्या अर्ध्या तासात नजरेत भरत नाही. ४१.६६७ धरले तरी ५७.६ मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमपेक्षा जास्त. तीन दशांश स्थळंही पुरत नाहीत.

हाच न्याय फ्रेम रेटला. २३.९७६ हा आकडा २४००० ÷ १००१च्या इतका जवळ आहे की दोन तासांत फरक पडतो सात मिलिसेकंदांचा, तो सोडून देता येईल. पण ‘२३.९८’ हे त्याचं गोल केलेलं रूप हिशोबात घेतलं तर दोन तासांत जवळजवळ १.२ सेकंदांचा फरक पडतो. पडद्यावर २३.९८ दिसलं तरी सूत्रात १००१च लिहायचा.

मग शेवटी गोल करायचं कसं? `.srt`मध्ये मिलिसेकंदाच्या खालचं काही लिहिता येत नाही. ५४१.६७चे ५४२ करायचे की ५४१? शाळेच्या गणिताने ५४२. मी ५४१ लिहिते, आणि सूत्रात `ROUND` नसून `INT` आहे तो त्यासाठीच.

कारण असं. एखादी फ्रेम दाखवताना बहुतेक प्लेयर त्या फ्रेमच्या *सुरुवातीची* वेळ पाहतात आणि त्या क्षणी कोणतं सबटायटल चालू आहे ते शोधतात. तेरावी फ्रेम सुरू होते ५४१.६७ला. सबटायटलची सुरुवात ५४२ लिहिली असेल तर ५४१.६७ला ते अजून सुरूच झालेलं नाही. तेरावी फ्रेम कोरी जाते आणि सबटायटल चौदाव्यावर येतं. मिलिसेकंदाचा तिसरा भाग चुकला आणि पूर्ण फ्रेम गेली. ५४१ लिहिलं तर बारावी फ्रेम (५००ला सुरू झालेली) सुटते आणि तेरावी सापडते, जे हवं तेच. संपण्याच्या वेळेलाही हाच नियम: ज्या फ्रेमवर सबटायटल दिसता कामा नये, तिची सुरुवात काढा आणि खाली गोल करा.

याचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो कटवर. सबटायटल कटच्या आधी संपायला हवं आणि ते पुढच्या शॉटवर एक फ्रेम रेंगाळलं, तर डोळ्याला झटका बसतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चमकलं हे कळतं. तपासायला `mpv` या प्लेयरमध्ये कटजवळ थांबून `.` दाबत एकेक फ्रेम पुढे जावं आणि `,`ने मागे यावं. माझी सवय अशी की चित्रपटातले दहा कट निवडायचे, सुरुवातीचे तीन, मधले तीन आणि शेवटचे चार. शेवटचे जास्त, कारण चूक साचते ती तिथे.

`.mkv` फाइलमध्ये ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. तिथे फ्रेमच्या वेळा सहसा पूर्ण मिलिसेकंदांतच साठवतात. त्यामुळे २४च्या चित्रपटाच्या फ्रेम ०, ४२, ८३, १२५, १६७ अशा पडतात. अंतर काढलं तर ४२, ४१, ४२, ४२. हे पाहून फाइल बिघडलीय असं वाटण्याची गरज नाही. दर तिसऱ्या फ्रेमला हिशोब १२५वर परत जुळतो आहे, म्हणजे चूक साचत नाहीये.

## जुळत नाही तेव्हा निदान

सबटायटल आणि आवाज जुळत नसेल तर आधी फक्त दोन ठिकाणी मोजा: चित्रपटाच्या सुरुवातीला एक स्पष्ट संवाद आणि शेवटी एक. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर फ्रेम रेटचा दोष नाही. सुरुवातीला काळी पट्टी, प्रमाणपत्र किंवा कंपनीचा लोगो वाढला असेल, नाहीतर वर सांगितलेला तो एक तास चुकला असेल. सगळं मागेपुढे सरकवलं की काम झालं.

फरक वाढत गेला असेल तर तो दर तासाला किती वाढतो ते काढा. तेवढ्यावर गुन्हेगार सापडतो. तासाला ३.६ सेकंद वाढत असेल तर २४ आणि २३.९७६ची अदलाबदल झाली आहे. हळू चालणाऱ्या बाजूच्या घड्याळाने तासाला सुमारे दोन मिनिटं चोवीस सेकंद असेल तर २४ आणि २५ची. २३.९७६ आणि २५मध्ये ते त्याच घड्याळाने अडीच मिनिटांच्या थोडं आत, सुमारे २ मिनिटं २७ सेकंद असतं. शेवटच्या दोघांतला फरक तासाला साडेतीन सेकंदांचा आहे, तेव्हा मोजमाप जरा सावकाश करावं. सबटायटल्स बोलण्याच्या आधी येत असतील तर ती ज्या रेटने केली त्यापेक्षा चित्र हळू चाललं आहे, मागून येत असतील तर चित्र वेगाने.

दुरुस्ती म्हणजे प्रत्येक वेळेला एका गुणोत्तराने गुणणं. २४वरून २३.९७६ला जायचं तर × १००१ ÷ १०००. २४वरून २५ला जायचं तर × २४ ÷ २५. Subtitle Editमध्ये फ्रेम रेट बदलण्याची सोय आहे, तीही आतून हेच करते. पण मूळ टाइमकोडची यादी हाताशी असेल तर आधीच गोल केलेले मिलिसेकंद पुन्हा गुणण्यापेक्षा यादीपासून परत काढलेलं बरं. एका मिनिटाचं काम आहे आणि गोल केलेल्यावर पुन्हा गोल होत नाही.

## ज्या फाइलला एका फ्रेमचा काळच नसतो

`r_frame_rate` आणि `avg_frame_rate` वेगळे आले तर बहुतेक वेळा ती फाइल मोबाइलवर चित्रित झालेली किंवा स्क्रीन रेकॉर्ड केलेली असते. अंधार झाला की मोबाइल फ्रेम कमी घेतो, उजेड आला की वाढवतो. अशा फाइलमध्ये ‘एक फ्रेम किती मिलिसेकंदांची’ याला एक उत्तर नाही, आणि सरासरीवरून काढलेला आकडा एकाही फ्रेमला लागू पडेलच असं नाही. प्रत्येक फ्रेमची खरी वेळ पाहायची तर:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -read_intervals "%+2" -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 phone.mp4
```

पहिल्या दोन सेकंदांच्या फ्रेमच्या वेळा सेकंदांत, खाली खाली येतात. शेजारच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून हजाराने गुणलं की त्या एका फ्रेमचा काळ मिलिसेकंदांत मिळतो. ३३, ३३, ३४, ३३ असं दिसलं तर ते नुसतं गोल करणं आहे, फाइल चांगली आहे. ३३, ३३, ५०, ३३, ६७ असं दिसलं तर फ्रेम खरोखर अनियमित आहेत. अशा वेळी मी सबटायटलला हात लावत नाही. आधी एडिटरकडे फाइल परत पाठवते, त्याने ती एकाच स्थिर रेटवर आणायची, आवाज जुळलाय हे पाहायचं, आणि मगच टाइमकोडची यादी द्यायची. यादीच्या पहिल्या ओळीत आता आम्ही रेट अपूर्णांकात लिहून घेतो, `24/1` किंवा `24000/1001`. शब्दांत ‘चोवीस’ लिहिलेली यादी मी परत करते.